आरओच्या एएमसी प्लॅनचं कॅप्शन कसं लिहायचं, म्हणजे नंतर भांडण होणार नाही

आरओ सर्व्हिसचं काम नवीन सुरू केलं तेव्हा एएमसीचं, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या प्लॅनचं, माझं पहिलं कॅप्शन होतं, "वर्षभर नो टेन्शन! सगळं कव्हर! फ्री सर्व्हिस, फ्री फिल्टर, आजच फोन करा." प्लॅन पटापट विकले गेले आणि मला वाटलं आपल्याला जमलं. तिसऱ्या महिन्यात एका काकूंच्या मशीनची मेम्ब्रेन गेली, मी म्हणालो मेम्ब्रेनचे वेगळे पैसे लागतील, तर त्यांनी काही न बोलता मोबाईल माझ्यासमोर धरला. माझ्याच पोस्टचा स्क्रीनशॉट, आणि "सगळं" या शब्दाभोवती लाल गोल काढलेला. म्हणाल्या, "दादा, हे तूच लिहिलंस ना?" आता काय बोलणार, गपचूप मेम्ब्रेन बसवून आलो. त्या एका मेम्ब्रेनमध्ये त्या प्लॅनचे मिळालेले जवळजवळ सगळे पैसे गेले, आणि अजून नऊ महिने त्यांच्याकडे जायचंच होतं.

त्यामुळे खाली जे लिहितोय ते कॅप्शन भारी दिसावं म्हणून नाही. गिऱ्हाईक कॅप्शनलाच करार समजतं. पावती कोणी वाचत नाही, पोस्ट मात्र जपून ठेवतात. तेव्हा काय कव्हर, किती वेळा येणार, कोणता फिल्टर किती वेळा बदलणार आणि किती पैसे, या चार गोष्टी कॅप्शनमध्येच नीट यायला पाहिजेत.

लिहायला बसण्याआधी जवळ काय पाहिजे

- टीडीएस मीटर, सेल नवीन असलेला.
- मागच्या सहा महिन्यांची तक्रारींची वही. नसेल तर निदान आठवून लिहा, कोणत्या घरी कितींदा गेलो आणि कशासाठी.
- पार्ट आणल्याची बिलं. तोंडी भाव नको, बिलावरचा घ्या.
- तुम्ही कोणत्या मशीन हाताळता त्याची यादी. ज्या मॉडेलचे पार्ट तुम्हाला मिळत नाहीत त्यांचा प्लॅन विकायचा नाही.
- एक साधा कागद, त्यावर मध्ये रेघ मारून डावीकडे "आपण देणार" आणि उजवीकडे "गिऱ्हाईक देणार".

१. आधी मशीनचे पार्ट कागदावर मांडा

"कव्हर" हा शब्द लिहायच्या आधी मशीनमध्ये काय काय असतं ते त्या कागदाच्या दोन बाजूंना टाका. पाणी जसं आत येतं त्याच क्रमाने लिहा म्हणजे काही सुटत नाही. मशीनच्या बाहेर लावलेला प्री-फिल्टर आणि त्यातली कँडल, मग आतला सेडिमेंट, मग कार्बन, मग पंप, मेम्ब्रेन, पोस्ट कार्बन, यूव्ही असेल तर त्याचा दिवा, टाकी, नळ. विजेच्या बाजूला एसएमपीएस, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि फ्लोट.

आता बघा, यात तीन जातीचे पार्ट आहेत. एक, जे झिजणारच, म्हणजे कँडल, सेडिमेंट, कार्बन. दोन, जो महाग आहे आणि एकदम जातो, म्हणजे मेम्ब्रेन. तीन, जे कधी जातील सांगता येत नाही, म्हणजे पंप, एसएमपीएस, सोलेनॉइड. या तीन जातींवरूनच तुमचे प्लॅन पडतात. फक्त भेटी दिल्या तर साधा सर्व्हिस प्लॅन, भेटी आणि झिजणारे फिल्टर दिले तर फिल्टर प्लॅन, आणि मेम्ब्रेन व विजेचे पार्टही दिले तर कॉम्प्रिहेन्सिव्ह. नवीन असाल तर फिल्टर प्लॅनपासून सुरू करा, कॉम्प्रिहेन्सिव्हला हात नंतर लावा. कारण खाली हिशोबात कळेल.

टाकी, नळ, बॉडी हे उजवीकडेच ठेवा. पाइप उंदराने कुरतडला, व्होल्टेज वाढून एसएमपीएस जळला, मशीन एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर न्यायची आहे, हेही उजवीकडे. माझी चूक अशी झाली की हे मी डोक्यात उजवीकडे ठेवलं होतं आणि कॅप्शनमध्ये कुठेच नव्हतं.

२. "सगळं", "फ्री", "अनलिमिटेड" आणि "गरजेनुसार" हे शब्द काढून टाका

"सगळं"चं तर सांगितलंच. "फ्री फिल्टर" लिहिलं की माणूस विचारतो कोणता फिल्टर आणि कितींदा, आणि त्याचं बरोबरच आहे, कारण तो पैसे देतोय म्हणजे फ्री काहीच नाही. "अनलिमिटेड सर्व्हिस" लिहिलंत तर नळातून पाणी हळू येतंय म्हणून महिन्यात चारदा फोन येतो आणि चारही वेळा कळतं की घरातल्यांनी पाण्याचा मेन कॉक अर्धा बंद ठेवलाय.

सगळ्यात फसवा शब्द मात्र "गरजेनुसार". गरज कोण ठरवणार? तुम्ही म्हणता अजून दोन महिने चालेल, ते म्हणतात पाण्याला वास येतोय. तर जिथे जिथे "गरजेनुसार" लिहावंसं वाटतं तिथे आकडा टाका. वर्षातून एकदा, दर चार महिन्यांनी, दोन नग. आकड्यावर भांडण होत नाही.

३. भेट आणि तक्रार वेगवेगळ्या लिहा

वर्षाला तीन भेटी असं नुसतं लिहिलं की पहिल्याच महिन्यात लीकेज झालं म्हणून तुम्ही जाता, आणि डिसेंबरला तुम्ही म्हणता तीन झाल्या, ते म्हणतात अहो ती तर तक्रार होती. दोघंही खरं बोलतात. म्हणून ठरलेली भेट वेगळी आणि तक्रारीची भेट वेगळी लिहायची. मी आता असं लिहितो: "दर ४ महिन्यांनी १ ठरलेली भेट, वर्षात ३. याशिवाय तक्रारीच्या २ भेटी प्लॅनमध्ये, पुढच्या प्रत्येक भेटीला व्हिजिट चार्ज."

"तीन भेटी" आणि "दर चार महिन्यांनी" यात फरक आहे हे पण लक्षात घ्या. नुसतं तीन लिहिलं तर लोक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात तिन्ही मागतात. महिन्याचं अंतर लिहिलं की तुमचंही वेळापत्रक बसतं.

भेटीत काय करणार तेही एका ओळीत लिहा, नाहीतर तुमचा पोऱ्या जाऊन मशीनवरून फडकं मारून सही घेऊन येतो आणि नाव तुमचं खराब होतं. माझ्या ओळीत एवढंच असतं: बाहेरची कँडल बदल, टाकी साफ, लीकेज तपासणी, टीडीएस मोजून कार्डावर नोंद.

आणि किती वेळात येणार? "२४ तासांत" लिहू नका. शनिवारी रात्री फोन आला तर रविवारी रात्रीपर्यंत जावं लागतं. "तक्रार दिल्यापासून दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत" असं लिहा, जरा कमी चमकदार दिसतं पण पाळता येतं.

४. फिल्टर बदलाची ओळ, इथे घाई नको

ही ओळ सगळ्यात जास्त वेळ घेऊन लिहा, कारण तुमचा खर्च इथेच ठरतो.

बाहेरची कँडल मी दर भेटीला बदलतो, म्हणजे वर्षात तीन. पांढरी कँडल चार महिन्यांत विटकरी झालेली गिऱ्हाईकाला स्वतः बघायला मिळते, बादलीत काढून ठेवली की काम केल्याचा पुरावाच होतो तो. गढूळ पाण्याच्या भागात चार महिने पण टिकत नाही, तिथे तीन महिन्यांचं अंतर ठेवा आणि त्या भागाचा भाव वेगळा काढा.

आतला सेडिमेंट आणि कार्बन साधारण सहा ते बारा महिने जातात, पाणी कसं आणि माणसं किती यावर आहे. आता सेडिमेंट भरला की कळतं, पाणी कमी येतं, पंप घरघरतो. कार्बन संपला की मात्र बाहेरून काहीच कळत नाही. आणि खरं नुकसान तिथेच आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते अडवायचं काम कार्बनचं. कार्बन संपला की क्लोरीन सरळ मेम्ब्रेनवर जातं, आणि मेम्ब्रेनचा जो पातळ थर क्षार अडवतो तो क्लोरीनने खराब होतो आणि परत सुधारत नाही. म्हणजे तुम्ही कार्बनचे पैसे वाचवायला गेलात तर मेम्ब्रेन जाते. कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅनमध्ये ती मेम्ब्रेन तुमच्याच खिशातून, मग कार्बन वेळेवर बदलणं तुमच्याच फायद्याचं. मी दुसऱ्या वर्षी कार्बन ओढून ओढून चालवले आणि पुढच्या वर्षात मेम्ब्रेनच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा हे डोक्यात शिरलं.

तर ओळ अशी: "आतला फिल्टर सेट (सेडिमेंट, कार्बन, पोस्ट कार्बन) वर्षात १ वेळा. बाहेरची कँडल वर्षात ३." आणि पार्ट कंपनीचे ओरिजिनल की चालणारे दुसरे, ते पण लिहा. दुसरे चांगले नसतात असं काही नाही, पण ओरिजिनल समजून पैसे दिलेला माणूस पाकीट बघून चिडतो.

यूव्ही असलेल्या मशीनसाठी एक शब्द. दिवा जळतोय म्हणजे काम करतोय असं नसतं, उजेड दिसत राहतो आणि ताकद उतरलेली असते. त्यामुळे "दिवा बंद पडल्यास बदलू" असं लिहू नका, एकतर वर्षाला एक लिहा नाहीतर प्लॅनबाहेर ठेवा.

५. प्लॅन घ्यायच्या आधी तपासणी, आणि ती कॅप्शनमध्ये

माझा सगळ्यात मोठा तोटा इथे झाला. मशीन बघितल्याशिवाय फोनवर प्लॅन दिले. लोकांना प्लॅन कधी आठवतो? मशीन कुरकुरायला लागली की. म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्यातल्या बऱ्याच मशीनची मेम्ब्रेन आधीच जायला आलेली असते.

तपासायचं असं. आत येणाऱ्या पाण्याचा टीडीएस घ्या. मग मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या शुद्ध पाण्याच्या नळीतून घ्या, टाकीच्या नळातून नाही. मशीनला टीडीएस मॉड्युलेटर असेल तर तो आधी बंद करा, कारण तो मुद्दाम थोडं पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून मिसळतो आणि आकडा जास्त दाखवतो. आणि मशीन चालू केल्या केल्या मोजू नका, चार-पाच मिनिटं चालू द्या, बंद पडून राहिलेल्या मेम्ब्रेनचं पहिलं पाणी नेहमी जास्त आकडा देतं. मी एकदा पहिल्या ग्लासावरून एकाची चांगली मेम्ब्रेन खराब ठरवली होती, लाज वाटली नंतर.

समजा आत ६०० आणि बाहेर ४५. म्हणजे ५५५ अडवले, ६०० पैकी. साडेब्याण्णव टक्के, मेम्ब्रेन चांगली आहे. दुसऱ्या घरी आत ६०० आणि बाहेर २१०. फक्त ३९० अडवले, म्हणजे ६५ टक्के. इथे आधी पंपाचं प्रेशर बघा, कारण प्रेशर कमी असलं तरी बाहेरचा आकडा चढतो. पंप ठीक असेल तर मेम्ब्रेन गेली. माझा स्वतःचा नियम असा की ८० टक्क्यांच्या खाली असेल तर आधी मेम्ब्रेन बदलून घ्या, मग कॉम्प्रिहेन्सिव्ह, नाहीतर फिल्टर प्लॅनच घ्या. मीटरचे दोन्ही फोटो गिऱ्हाईकाच्या समोर काढून त्यांनाच पाठवा, म्हणजे नंतर "आधी चांगलं होतं" हा विषय येत नाही.

कॅप्शनमध्ये एकच ओळ पुरते: "प्लॅन सुरू करण्याआधी मशीनची तपासणी, खराब निघालेला पार्ट आधी बदलावा लागेल." ही ओळ टाकल्यावर काही फोन कमी होतात, होऊ द्या.

६. किंमत: आधी हिशोब, मग आकडा

शेजारचा किती घेतो ते बघून दहा-वीस कमी लिहायचे, असं बहुतेक जण करतात, मीही केलं. पण त्याच्या प्लॅनमध्ये काय आहे ते तुम्हाला कुठे माहीत असतं?

भाव जागेप्रमाणे बदलतात म्हणून मी रुपयात न लिहिता एका भेटीचा खर्च १० धरतो, म्हणजे पेट्रोल, माणसाचा वेळ सगळं धरून. बाकीचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत, तुम्ही तुमच्या बिलांवरून टाका.

ठरलेल्या तीन भेटींचे ३०. तक्रारीची भेट प्रत्येक घरी दोनदा होत नाही, वहीत बघितलं तर माझी सरासरी एक पडते, तिचे १०. फिल्टर सेट एक, समजा २५. कँडल तीन, प्रत्येकी ३ म्हणजे ९. बेरीज ७४. हा फिल्टर प्लॅनचा खर्च, यावर तुमचा नफा.

आता कॉम्प्रिहेन्सिव्ह. समजा मेम्ब्रेन ६० ला पडते आणि दोन वर्षं चालते, तर वर्षाचे ३०. पंप, एसएमपीएस, सोलेनॉइड यासाठी प्रत्येक मशीनमागे काहीतरी बाजूला ठेवावं लागतं, समजा १६. ७४ मध्ये ४६ मिळवले की १२० झाले. मी काय केलं होतं, ७४ चा हिशोब धरून भाव ९० ठेवला आणि कॅप्शनमध्ये लिहिलं "सगळं". म्हणजे १२० ची वस्तू ९० ला विकत होतो आणि जितके प्लॅन जास्त तितका खुश होत होतो.

अजून एक, ते वर्षाचे ३० तेव्हाच खरे जेव्हा मेम्ब्रेन तुलनेनं नवी आहे. जुनी मेम्ब्रेन असलेल्या घरात त्याच वर्षात पूर्ण ६० जातात, आणि पुढच्या वर्षी त्यांनी प्लॅन घेतला नाही तर उरलेले कधीच परत येत नाहीत. पाचव्या पायरीतली तपासणी यासाठीच आहे.

लिहिताना टॅक्स धरून पूर्ण आकडा लिहा. "अमुकपासून सुरू" नको, "किंमतीसाठी मेसेज करा" तर नकोच. मेसेज करणारे निम्मे लोक फक्त भाव विचारून गायब होतात आणि तुमची संध्याकाळ उत्तरं देण्यात जाते. किंमत कोणत्या तारखेपर्यंत ते पण लिहा.

७. आता ओळींचा क्रम

पोस्ट उघडली की आधी दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं more च्या मागे जातं. तर पहिल्या ओळीत प्लॅनचं नाव आणि किंमत, दुसऱ्या ओळीत भेटी आणि फिल्टर. शुभेच्छा, पाण्याचं महत्त्व, "आरोग्य हीच संपत्ती" वगैरे वर टाकलंत तर कामाचं कोणी वाचतच नाही. काय कव्हर नाही ते कव्हरच्या लगेच खाली लिहा, सगळ्यात शेवटी हॅशटॅगच्या आधी लपवलंत तर लोकांना ते लपवल्यासारखंच वाटतं.

माझं सध्याचं फिल्टर प्लॅनचं कॅप्शन असं आहे, मोकळ्या जागेत तुमचे आकडे टाका:

"आरओ फिल्टर प्लॅन, १ वर्ष: ____, टॅक्स धरून.
३ ठरलेल्या भेटी (दर ४ महिन्यांनी) + तक्रारीच्या २ भेटी, पुढच्या प्रत्येक भेटीला व्हिजिट चार्ज. फिल्टर सेट १ वेळा, बाहेरची कँडल ३ वेळा.

प्रत्येक ठरलेल्या भेटीत: कँडल बदल, टाकी साफ, लीकेज तपासणी, टीडीएस नोंद.
फिल्टर सेट म्हणजे: सेडिमेंट, कार्बन, पोस्ट कार्बन. पार्ट: ____ (ओरिजिनल / चालणारे).
यात नाही: मेम्ब्रेन, पंप, एसएमपीएस, सोलेनॉइड, यूव्ही दिवा, टाकी, नळ, बॉडी, मशीन हलवणे, उंदीर किंवा व्होल्टेजने झालेलं नुकसान. हे पार्ट लागले तर आधी भाव सांगून मगच बदलू, प्लॅन असलेल्यांना लेबर चार्ज नाही.
तक्रारीला दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत येऊ.
प्लॅनआधी मशीनची तपासणी, खराब पार्ट आधी बदलावा लागेल.
हा भाव ____ तारखेपर्यंत. फोन: ____"

"लेबर चार्ज नाही" ही ओळ छोटी आहे पण तिच्यामुळे "यात नाही"ची एवढी लांब यादी वाचून माणूस पळत नाही. द्यायला तुम्हाला जड जात नाही, तुम्ही तसेही तिथे आलेला असता.

८. टाकण्याआधी आणि टाकल्यावर

घरातल्या अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला मेम्ब्रेन म्हणजे काय माहीत नाही, आणि मग विचारा, पंप गेला तर पैसे कोण देणार? उत्तर अडखळलं तर ओळ बदला. माझ्या आईने "पोस्ट कार्बन म्हणजे पोस्टाने येतो का" विचारलं होतं, तेव्हापासून "फिल्टर सेट म्हणजे" ही ओळ आली.

फोटोवर किंमत छापू नका. कॅप्शन बदलता येतं, फोटो एकदा ग्रुपमध्ये फिरला की फिरतच राहतो. माझा तो "सगळं कव्हर"वाला फोटो काढून टाकून वर्ष झालं, तरी मागच्या महिन्यात एकाने तोच पाठवून विचारलं, "हा प्लॅन आहे ना अजून?" त्याला नवीन कॅप्शन पाठवलं, त्याने "यात नाही"वाली ओळ वाचली आणि विचारलं, मग मेम्ब्रेन केवढ्याला? म्हटलं आधी टीडीएस मोजू, मग सांगतो.